प्रोजेक्टरने शतकाचा अंक खाल्ला

मी झेडपीच्या शाळेत शिकवते. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने ऑफिसमधला जुना प्रोजेक्टर शाळेला दिला, रिमोट हरवलेला पण बाकी ठणठणीत. पहिल्याच दिवशी पीडीएफमधलं गणित भिंतीवर लावलं, १२५ + ७५ =, आणि निम्म्या वर्गाने वहीत उत्तर लिहिलं १००. मी चिडलेच, मग मागे वळून बघते तर डावीकडचा १ गायब, भिंतीवर नुसतं २५ + ७५.

मला वाटलं भिंत कमी पडतेय, म्हणून टेबल मागे ढकललं तर चित्र उलट मोठं झालं, पुढे ओढलं तर लहान, पण १ काही येईना. खरं तर तिथेच कळायला हवं होतं, की दोन्ही बाजूंना भिंत मोकळी दिसतेय आणि तरीही चित्र कापलेलं आहे, म्हणजे अंतराचा काही संबंधच नाही. फोकसची रिंग फिरवली, केबल बदलली, काही नाही. त्यात पीपीटीची स्लाइड ४:३ केली की ती बरोबर पूर्ण दिसायची, व्हिडिओ आणि पुस्तकाची पीडीएफ मात्र कापलेलीच, त्यामुळे मी महिनाभर लॅपटॉपलाच दोष देत बसले आणि रात्री जागून धडे स्लाइडवर उतरवत राहिले.

एक दिवस सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या टीव्हीवर पण असंच होतं, भाऊ रिमोटचं बटण दाबून चित्र मोठं करतो मग खालची अक्षरं दिसत नाहीत, आजी ओरडते." रिमोट नव्हता म्हणून तिने स्टुलावर चढून प्रोजेक्टरवरचंच मेनूचं बटण दाबलं आणि Aspect Ratio शोधलं. तिथे Zoom होतं!

मग डोक्यात प्रकाश पडला. लॅपटॉपचा स्क्रीन १३६६ × ७६८, प्रोजेक्टर १०२४ × ७६८. Zoom मध्ये उंची पूर्ण भरते आणि रुंदीतले ३४२ पिक्सेल उरतात, ते दोन्ही बाजूंनी १७१-१७१ कापले जातात. ४:३ ची स्लाइड मधल्या १०२४ मध्येच मावते, म्हणून तेवढी वाचायची.

तिने आधी 4:3 निवडलं, सगळं दिसलं पण पुस्तकातलं वर्तुळ अंड्यासारखं उभट झालं. पोरं हसली. मग Auto केलं, वर्तुळ गोल, १ परत, फक्त वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि अक्षरं बारीक झाली. मागच्या बाकावरून लगेच तक्रार आली, "मॅडम, आधी मोठं दिसत होतं." आता पीडीएफ १५० टक्क्यांवर उघडते आणि पान जरा जास्त सरकवते.