दोन सह्यांचे खाते आणि उचंतीतले 2,400 रुपये

आमची इमारत चिपळूणची, 16 सदनिकांची. त्यांपैकी सहा जणांचा मुक्काम मुंबईत असतो आणि ती मंडळी गणपतीला घर उघडतात. गेल्या निवडणुकीत खजिनदारपद माझ्या गळ्यात पडले आणि पहिले काम आले ते बँकेत सह्या बदलण्याचे, कारण आधीचे सचिव मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते.

आम्ही व्यवस्थापक समितीचा ठराव घेऊन गेलो, तर तो परत आला. त्यात नव्या सचिवांचे आणि माझे नाव होते, पण जुन्या सह्यांचा अधिकार रद्द केल्याचा उल्लेख नव्हता. शिवाय खाते ‘दोघांच्या संयुक्त सहीने’ चालेल की ‘दोघांपैकी कोणाच्याही’, हे आम्ही लिहिलेच नव्हते. काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘काका, दुसऱ्या प्रकारात एकटा माणूस खाते रिकामे करू शकतो. तुम्हाला नक्की काय हवे ते ठरावात लिहून आणा.’’ दुसऱ्या खेपेला संयुक्त सहीचा स्पष्ट ठराव, अध्यक्षांच्या सहीची इतिवृत्ताची खरी प्रत, नोंदणी प्रमाणपत्र, उपविधी, संस्थेचे पॅन आणि आम्हा दोघांची ओळखपत्रे व छायाचित्रे दिली, तेव्हा काम झाले. जुन्या चेकबुकात मागच्या सचिवांनी आगाऊ सही करून ठेवलेले तीन कोरे चेक सापडले. ‘अडीनडीला’ म्हणून ठेवलेले ते चेक मी रद्द करून बँकेत जमा केले. एक सही आधीच होऊन बसली असेल, तर दोन सह्यांची अट कागदावरच राहते.

खरी गुंतागुंत वर्गणीच्या नोंदींत होती. महिन्याची वर्गणी सदनिकेमागे 1,200 रुपये. एका मुंबईकर सभासदाने सप्टेंबर 2024 मध्ये गणपतीला आल्यावर, सप्टेंबर ते ऑगस्ट अशा बारा महिन्यांचे 14,400 रुपये रोख दिले होते आणि आधीच्या खजिनदारांनी ते सगळे त्याच वर्षाच्या उत्पन्नात टाकले होते. वास्तविक 31 मार्चपर्यंतच्या सात महिन्यांचे 8,400 रुपयेच त्या वर्षाचे होते. उरलेले 6,000 रुपये पुढच्या पाच महिन्यांची आगाऊ रक्कम, म्हणजे संस्थेचे देणे. ते तसे न दाखवल्यामुळे नव्या वर्षाची सभासद खाती शून्यापासून सुरू झाली आणि त्याच माणसाला जूनमध्ये थकबाकीची नोटीस गेली. त्यांचा फोन आला तेव्हा उत्तर द्यायला मी होतो!

त्यानंतर मी मार्चअखेरची कीर्द आणि पासबुक समोरासमोर ठेवले. कीर्दीत बँकेची शिल्लक 83,286 रुपये होती आणि पासबुकात 84,350. फरक 1,064 रुपयांचा, पण त्यात चार नोंदी लपल्या होत्या. सभासदाचा 3,600 रुपयांचा चेक आम्ही 29 मार्चला भरला होता, तो एप्रिलमध्ये वटला. पंप दुरुस्तीवाल्याला दिलेला 2,500 रुपयांचा चेक त्याने अजून भरलाच नव्हता. बँकेने 236 रुपये शुल्क कापले होते आणि 2,400 रुपये यूपीआयने आले होते, ज्यांची आमच्याकडे नोंदच नव्हती.

या चारांपैकी पहिल्या दोन नोंदी कीर्दीत बरोबरच होत्या. त्या फक्त बँकेत उशिरा उमटणार होत्या, म्हणून त्यांना हात लावायचा नसतो. शुल्क आणि यूपीआयची रक्कम मात्र कीर्दीत घालावी लागली आणि शिल्लक 85,450 झाली. पासबुकाच्या आकड्यात 3,600 मिळवून 2,500 वजा केले, तरी तेवढेच येतात. म्हणून नुसता फरक पाहून ‘किरकोळ’ खात्यात 1,064 रुपये टाकून मोकळे होणे, जे पूर्वी आमच्याकडे झाले असावे असा मला दाट संशय आहे, ते चुकीचे ठरते: त्याने ताळा जुळतो, पण कोणाचे पैसे आले ते हरवते.

यूपीआयच्या नोंदीत पाठवणाऱ्याचे नाव होते, पण ते आडनाव इमारतीत कोणाचेच नव्हते. अंदाजाने कोणाच्या खात्यावर जमा न करता मी ती रक्कम उचंती खात्यात ठेवली आणि दोन महिने थकलेल्या तीन सदनिकांना पासबुकातला तारीख व व्यवहार क्रमांक कळवला. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा निरोप आला, ‘‘अरे, जावयाने भरले होते, मी सांगायचे विसरले.’’ त्यांनी जावयाच्या मोबाईलवरचा व्यवहार क्रमांक दाखवल्यावर मी उचंतीतून त्यांच्या खात्यावर वर्ग केले आणि रक्कम बँकेत जमा झाल्याच्या तारखेचा उल्लेख करून पावती दिली. आता पैसे पाठवताना सदनिका क्रमांक आणि महिना लिहावा, अशी सूचना जिन्याजवळच्या फळ्यावर लावली आहे. तरीही दर महिन्याला एखादी रक्कम उचंतीत येतेच, आणि महिनाअखेरीला सचिव व मी जुळवणी पत्रकावर सही करण्यापूर्वी आधी तेच पान उघडतो.