दोन तापमानांवरून सक्रियण ऊर्जा: हायपो आणि आम्लाच्या प्रयोगाची नोंद

सांगलीतल्या घरच्या गच्चीवर सध्या हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेची मोजणी चालू आहे. १०० मिलीलीटर पाण्यात सुमारे १.२५ ग्रॅम हायपो विरघळवून त्यातील ५० मिलीलीटर द्रावण चंचुपात्रात घेतो, ते पात्र कागदावर काढलेल्या फुलीवर ठेवतो, ५ मिलीलीटर आम्ल ओततो आणि मोकळ्या झालेल्या गंधकाच्या गढूळपणामुळे फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजतो. सल्फर डायऑक्साइडही बाहेर पडत असल्यामुळे हे काम उघड्या हवेतच करावे.

फुली झाकायला दर वेळी जवळपास तेवढेच गंधक लागते, त्यामुळे प्रमाण तेच ठेवले तर वेग वेळेच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि वेग स्थिरांकांचे गुणोत्तर थेट वेळांच्या गुणोत्तरावरून मिळते. २० अंश सेल्सिअसला १०४ सेकंद लागले, ४० अंशांना २८. स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये, आम्लामुळे उसाच्या साखरेचे विघटन होण्याचा वेग अभ्यासताना मांडलेला घातांकी नियम दोन तापमानांसाठी खाली लिहिल्याप्रमाणे मांडता येतो; त्यात t1 आणि t2 हे T1 आणि T2 या तापमानांना लागलेले वेळ, Ea ही सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडण्यासाठी कणांना लागणारी किमान ऊर्जा, आणि R हा वायू स्थिरांक:

```
ln(t1/t2) = (Ea/R) × (1/T1 − 1/T2)
```

१०४ भागिले २८ म्हणजे ३.७१, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम १.३१. तापमाने केल्व्हिनमध्ये २९३ आणि ३१३ असल्याने कंसाची किंमत ०.०००२१८ येते, आणि R ८.३१४ घेतल्यावर सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे ५० किलोज्यूल निघते. सेल्सिअसचेच आकडे घातले तर उत्तर अर्ध्या किलोज्यूलपेक्षाही कमी येते. असे उत्तर दिसले की प्रथम तापमानाचे एकक तपासावे.

खरी काळजी तापमानाच्या फरकाची घ्यावी लागते. २० अंशांच्या फरकात एका अंशाची चूक उत्तर सुमारे ५ टक्क्यांनी हलवते, पण दोन मोजण्यांत ५ अंशांचाच फरक ठेवला तर तीच चूक २० टक्क्यांची होते. म्हणून दोन्ही द्रावणे एकाच पाण्याच्या भांड्यात तापवून, मिसळल्यानंतरचे तापमान नोंदवणे मला अत्यावश्यक वाटते. फरक वाढवण्यासाठी फार वर जाणेही बरे नाही, कारण तेथे पात्र मोजणीदरम्यानच निवते आणि फुली इतक्या लवकर नाहीशी होते की मिसळायला लागलेला वेळही हिशेबात शिरतो.

दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, त्यामुळे एवढ्याने नियम तपासला असे होत नाही. याच उत्तरावरून ३० अंशांना ५३ सेकंद लागावेत असे गणित सांगते, आणि प्रत्यक्षात ५४ लागले. दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो हा ठोकताळाही येथे नेमका पारखता आला: गणिताच्या आकड्यांनुसार २० ते ३० अंशांत वेग १.९७ पट वाढतो, ३० ते ४० मध्ये मात्र १.८९ पटच.