जॅकचा हिशेब

टायरच्या दुकानात गाडी लावली की लोक चहाला जातात. मी मात्र जॅक बघत उभा राहतो. परवा समोर भाजीचा टेम्पो होता, मागचं चाक बसलेलं, हौद्यात गोण्या तशाच. दुकानातले चाचा साठीचे, अंगाने काटकुळे. त्यांनी पुढच्या चाकाला दगड लावला, बाटली जॅक एक्सलखाली सरकवला आणि बिडी ओढत एका हाताने पंप मारायला लागले. टेम्पो उठला. इतका हळू, की बघणाऱ्याचाच जीव वर-खाली व्हावा.

“तेलात ताकद असते साहेब,” चाचा म्हणाले. मान डोलावली, पण तेलावरचा हा विश्वास मला काही पटत नाही.

बाटली जॅकच्या पोटात दोन दट्ट्या असतात. दांड्याला जोडलेला बारका आणि टेम्पोखाली उभा असलेला जाडा. समजा बारक्याचा व्यास १२ मिलिमीटर आणि जाड्याचा ३६. व्यास तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. कोंडलेल्या तेलातला दाब सगळीकडे सारखाच असतो. मग ज्या दट्ट्याचं तोंड नऊपट मोठं, त्याला रेटाही नऊपट मिळतो. एक्सलवर ९०० किलोचा भार असेल तर बारक्या दट्ट्यावर १०० किलो पुरतात. एका हाताला तेही जड; म्हणून वर लांब दांडा. हात टेकूपासून ६० सेंटिमीटरवर आणि दट्ट्या ३ सेंटिमीटरवर असला, तर आणखी वीसपट फायदा. चाचांच्या हाताला उरले ५ किलो. म्हणजे पिशवीभर कांदे.

आता बिल बघू. बारका दट्ट्या एका पंपात १८ मिलिमीटर खाली जातो आणि साधारण २ घनसेंटिमीटर तेल पलीकडे ढकलतो. तेल दाबलं म्हणून फारसं आकसत नाही, वाढत तर नाहीच. तेवढंच तेल नऊपट क्षेत्रफळाच्या नळकांड्यात पसरतं आणि जाडा दट्ट्या फक्त २ मिलिमीटर उठतो. इकडे दांड्यावरचा हात मात्र ३६ सेंटिमीटर खाली आलेला असतो. टेम्पो १० सेंटिमीटर उचलायचा तर पन्नास पंप. हाताने दाबत कापलेलं अंतर १८ मीटर. ५ किलो गुणिले १८ मीटर, नव्वद. ९०० किलो गुणिले ०.१ मीटर, नव्वद. पैचाही फरक नाही.

आणि हा योगायोग नव्हे. दाब गुणिले सरकलेलं तेल, हेच काम. दाब दोन्हीकडे एकच आणि इकडून निघालेलं तेलच तिकडे पोचतं. मग जास्तीचं काम येणार कुठून? पास्कलच्या द्रवांवरच्या ग्रंथात, जो त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला, हे दोन्ही आहे: बळ जितकं वाढतं, तितकंच चालायचं अंतरही वाढतं. तरी या तत्त्वावर चालणारं दाबयंत्र बाजारात यायला १७९५ साल उजाडलं. लंडनच्या ब्रामाने तेव्हा पेटंट घेतलं. अडचण तत्त्वाची नव्हतीच, गळतीची होती. दट्ट्याभोवती चामड्याची वाटी बसवली, जिच्या कडा आतल्या द्रवाच्या दाबानेच भिंतीला घट्ट चिकटतात, तेव्हा कुठे यंत्र धरून राहिलं.

खऱ्या जॅकमध्ये हाताला ५ ऐवजी सहा-सात किलो लागतात. ते जास्तीचं सील आणि घर्षण खातात. तेलात हवा शिरली तर वेगळीच तऱ्हा. पहिले काही पंप मऊ लागतात, दांडा खाली जातो पण दट्ट्या हलत नाही, कारण हवा आकसते आणि केलेलं काम तिच्यातच अडकतं. चाचा मग तेल परत सोडणारा स्क्रू ढिला करून रिकामा जॅक भराभर पंपतात, की हवा टाकीत निघून जाते. जॅक उठतो पण उभ्या-उभ्या बसत जातो, तर सील झिजलेलं किंवा झडपेच्या गोळीखाली कचरा. म्हणूनच एक्सलखाली लाकडाचा ठोकळा लावल्याशिवाय चाचा टेम्पोखाली हातसुद्धा घालत नाहीत.

चाक बदललं, ठोकळा काढला, स्क्रू अर्धा फेरा उघडला. टेम्पो सुस्कारा टाकत खाली आला. मी विचारलं, “चाचा, तुमच्या पन्नास पंपांचं काय झालं?”

“गेले,” ते म्हणाले.

गेले म्हणजे तेलातच गेले. बारीक छिद्रातून जोरात परत येताना ते तेल तापतं. शंभरेक घनसेंटिमीटर तेल, फार तर पाच अंशांनी. हात लावून पाहिला तरी कळलं नसतं. जॅक तसाही उन्हात पडून त्याहून जास्त तापलेला होता.