सिव्हिअरिटीच्या रकान्यावर शेरा येतो : "कशावरून?"

इन्सिडेंट रिपोर्टमधला सगळ्यात छोटा रकाना सिव्हिअरिटीचा, आणि रिपोर्ट अडकतो तोही तिथेच. टाइमलाइन, मूळ कारण, पुढची कामं यांवर कुणी चकार शब्द काढला नाही. `SEV2` च्या शेजारी मात्र शेरा : "कशावरून? `SEV1` का नाही?" नेमका कोणता आकडा हवा, हे रिव्ह्यू करणाऱ्यांनी एका ओळीत सांगितलं असतं तर बराच वेळ वाचला असता. ते सांगत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

प्रकार असा. दुपारी १४:०७ ते १४:५४ पेमेंटच्या काही रिक्वेस्ट फेल होत होत्या. आमच्या तक्त्यानुसार मुख्य काम सगळ्यांसाठी बंद पडलं तर `SEV1`; १० टक्क्यांहून जास्त ग्राहकांना अडचण आली तर `SEV2`; त्याखाली `SEV3`. वाचायला सोपं आहे. पण टक्के कशाचे?

डॅशबोर्डवर ६,२०० रिक्वेस्टपैकी ९९२ फेल दिसत होत्या, म्हणजे १६ टक्के. हा आकडा झटकन मिळतो, म्हणून बहुतेक जण तोच चिकटवतात. पण एरर आली की अ‍ॅप आपोआप पुन्हा रिक्वेस्ट पाठवतं, शिवाय माणूसही बटण दाबत राहतो. एकच ग्राहक तीन-चार वेळा मोजला जातो. तक्ता ग्राहकांबद्दल बोलत असेल तर मोजायचीही माणसंच :

```sql
SELECT COUNT(DISTINCT user_id),
       COUNT(DISTINCT CASE WHEN status >= 500
                      THEN user_id END)
FROM payment_requests
WHERE ts >= :start AND ts < :end;
```

उत्तर आलं ४,१०० आणि ४५१, म्हणजे ११ टक्के. हे चालवण्याआधी लॉगचं घड्याळ बघा. लॉग यूटीसीत आणि डॅशबोर्ड स्थानिक वेळेत असेल तर भलत्याच तासाचे आकडे हाती येतात, आणि ते दिसायला अगदी खरे वाटतात. सुरुवातही अलर्ट वाजला तेव्हापासून धरू नका. अलर्ट १४:१५ चा होता, पहिली एरर १४:०७ ची.

या ४५१ जणांपैकी बऱ्याच जणांचं पेमेंट दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात झालं. बिघाड संपल्यावर आणखी अर्ध्या तासाचा लॉग धरून बघितलं, तर शेवटपर्यंत पेमेंट न झालेले १२३ जण उरले : ३ टक्के. या आकड्यावर तोच इन्सिडेंट `SEV3` ठरतो. तिन्ही आकडे खरेच आहेत. तक्त्यात "अडचण आली" असे शब्द आहेत, "काम झालं नाही" असे नाहीत, म्हणून ११ टक्के लागू. रिपोर्टमध्ये तक्त्यातलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून त्याखाली आकडा दिला. ३ टक्केही लिहिले, कारण ते लपवले की पुढचा प्रश्न त्यावरूनच येतो.

तरी रिपोर्ट अडलाच, `SEV1` वर. आणि इथे शेरा रास्त होता, हे चडफडत का होईना मान्य करावं लागतं. एररमध्ये ५०४ बऱ्याच होत्या. ५०४ म्हणजे गेटवेने वाट बघणं सोडलं. मागे पेमेंट झालं की नाही, हे त्यातून कळत नाही. ग्राहकाला "फेल" दिसतं आणि पैसे मात्र कापले गेलेले असू शकतात. तक्त्यात तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती : पैशाचं किंवा डेटाचं टिकून राहणारं नुकसान झालं, तर संख्या कितीही असो, `SEV1`. त्यामुळे आपला लॉग इथे पुरावाच ठरत नाही. पेमेंट प्रोव्हायडरकडून त्या वेळेतली व्यवहारांची यादी मागवायची आणि ऑर्डरच्या टेबलशी ट्रान्झॅक्शन आयडीवरून जुळवायची. ही यादी यायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ती पहिल्याच दिवशी मागा.

जुळवल्यावर ९ व्यवहार असे निघाले की पैसे कापलेत, ऑर्डर नाही. रात्रीच्या ताळमेळाच्या जॉबने नऊही रकमा परत केल्या होत्या. आयडी, रक्कम आणि रिफंडची वेळ यांचा नऊ ओळींचा तक्ता जोडला आणि लिहिलं : "नुकसान टिकून राहिलेलं नाही, म्हणून `SEV1` नाही. यातला एकही रिफंड अडकला असता तर `SEV1` धरला असता." त्यावर रिपोर्ट पास झाला.

ग्राफचा नुसता स्क्रीनशॉट लावू नका. काही आठवड्यांनी त्या ग्राफचे बारकावे सरासरीत विरतात आणि कच्चे लॉगही पुसले जातात. क्वेरी, वेळेची मर्यादा आणि आलेलं उत्तर मजकूर म्हणून रिपोर्टमध्येच ठेवा.

बिघाड चालू असताना ग्रेड वरचीच धरा. नंतर उतरवली तर जुनी खोडू नका. कधी, कोणत्या आकड्यावरून उतरवली ती नोंद खाली करा. आणि दुरुस्तीला किती जण किती तास राबले, हे त्या रकान्यात लिहू नका. त्याने ग्रेड ठरत नाही, फक्त आणखी एक शेरा येतो.