आंबेनळी घाट उतरताना: दुसरा गिअर गाडी कशी धरतो

महाबळेश्वर सोडून पोलादपूरच्या रस्त्याला लागलं की पहिल्या काही वळणांतच गाडी आपल्या मर्जीने पुढे ओढू लागते. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी वेग वाढत जातो. आम्ही तिथेच, पहिल्या मोठ्या उताराच्या तोंडाशी, वेग तीसच्या आत आणून दुसरा गिअर टाकला. पुढे प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत ब्रेकला मोजकंच काम पडलं. हे कसं होतं, ते याच घाटाच्या हिशेबाने सांगतो.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास, आणि पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात अगदी खाली. म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये गाडी सव्वा हजार मीटर तरी खाली येते. चार माणसं आणि सामान धरून छोट्या गाडीचं वजन १४०० किलो मानलं, तर एवढ्या उंचीवरून उतरताना सुटणारी ऊर्जा जवळपास साठ लिटर साधं पाणी उकळायला पुरेल. ती कुठेतरी जायलाच हवी. थोडी हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जाते. बाकीची एकतर ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि ड्रममध्ये जाते, नाहीतर इंजिनमध्ये. इंजिनला रेडिएटर आहे आणि त्यातून पाणी फिरतं. डिस्कला मिळतो तो फक्त वारा, आणि घाटात वेग कमी असल्याने तोही बेताचाच.

आता इंजिन गाडीला अडवतं कसं? पुष्कळ जण म्हणतात की सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते म्हणून. ते अर्धवट खरं आहे. दाबलेली हवा पुढच्या स्ट्रोकला स्प्रिंगसारखी पिस्टनला परत खाली ढकलते, त्यामुळे दाबायला लागलेला बहुतेक जोर परत मिळतो. पेट्रोल इंजिनात खरी अडवणूक होते ती हवा आत घेताना. अॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद होते. पिस्टन खाली जाताना हवा ओढू पाहतात, पण वाट बंद असते. सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या एक तृतीयांशावर किंवा त्याहूनही खाली जातो. सिरिंजचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या ओढून पाहा, हाताला जो विरोध जाणवतो तोच हा. त्यात पिस्टन रिंगा, बेअरिंग, ऑइल पंप यांच्या घर्षणाची भर पडते. जुन्या धर्तीच्या डिझेल इंजिनात थ्रॉटल नसतो, म्हणून तिथे ही ओढ कमी पडते. ट्रक आणि बसला एक्झॉस्ट ब्रेक बसवतात तो यासाठीच: धूर बाहेर जाण्याची वाट झडपेने अडवायची, म्हणजे पिस्टनला वर जाताना जोर लावावा लागतो.

१.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा हा विरोध फार मोठा नसतो. गिअरबॉक्समुळे तो चाकापाशी मोठा होतो. अशा गाडीत साधारणपणे पाचव्या गिअरला चाकाच्या एका फेऱ्यात इंजिन साडेतीन फेरे फिरतं, दुसऱ्याला आठच्या वर आणि पहिल्याला पंधराच्या आसपास. ताशी ३० किलोमीटरला पाचव्यात इंजिन हजार आरपीएमलाही कण्हत असतं, दुसऱ्यात तेच २४०० ला फिरतं. म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक मीटरमागे दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनला तो बंद दट्ट्या दुपटीहून जास्त वेळा ओढावा लागतो. ‘टॉर्क वाढतो’ म्हणा किंवा ‘इंजिन जास्त फिरतं’ म्हणा, गोष्ट एकच आहे.

आकडे घालून पाहू. शंभर मीटरला सहा मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ही गाडी सुमारे ८०० न्यूटनने खाली ओढली जाते. टायर आणि हवा त्यातले दोनशेच्या आसपास खातात, उरतात सहाशे. पाचव्या गिअरला इंजिन त्यातले जेमतेम दोन-अडीचशे पेलतं, बाकी सगळा भार ब्रेकवर. दुसऱ्याला ते साडेपाचशेच्या पुढे जातं, म्हणजे गाडी जवळपास आपोआप तोलली जाते. वळणाआधी थोडा ब्रेक, बस्स. उतार त्याहून तीव्र असेल, तर मात्र पहिलाच गिअर हवा.

चढताना जो गिअर तोच उतरताना, हा जुना नियम कमी ताकदीच्या गाड्यांसाठी ठीक होता. आताची टर्बो इंजिनं तिसऱ्यात सहज चढतात, पण तिसऱ्यात गाडी धरत नाहीत. त्यांना एक गिअर खालचा घ्यावा.

गिअर उतार सुरू होण्याआधी घ्यायचा. आधी ब्रेकने वेग कमी करायचा, मग क्लच दाबून गिअर टाकायचा आणि क्लच हळू सोडायचा. चाळीसला तिसऱ्यावरून दुसऱ्यात आलं तर इंजिन तीन हजारांच्या थोडं वर जातं, त्यात वावगं काही नाही. त्याच वेगाला पहिला टाकून क्लच सोडला तर ते साडेपाच हजारांच्या पुढे जातं आणि पावसाळ्यात धुक्याने भिजलेल्या रस्त्यावर पुढची चाकं क्षणभर घसरू शकतात. ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा २ वर यावं, एएमटी असेल तर मॅन्युअलला घेऊन गिअर खाली आणावा. ‘डी’मध्ये सोडून दिलं तर बऱ्याच गाड्या उतारावर वरचा गिअर घेतात. आणखी एक, इंजिनाने वेग कमी होतो तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे कुणी चिकटलेलं असेल तर पॅडलला हलका स्पर्श करून दिवा दाखवावा.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलला टाकून उतरणं हा हिशेब उलटा आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअर लागलेला असताना पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन द्यावंच लागतं. चावी बंद केली तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, आणि मग पॅडल दगडासारखं होतं.

ब्रेक तापलेत हे आधी नाकाला कळतं, जळक्या क्लचसारखा वास येतो. पॅडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून गुळगुळीत झालेत. पॅडल स्पंजसारखं खाली जातं, तर ब्रेक ऑइलला उकळी फुटली आहे. ताजं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, पण ओलावा शोषलेल्या ऑइलची तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात ते म्हणूनच. असं झालं तर पॅडल भराभर पंप करावं, एकेक गिअर खाली आणावा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढावा आणि डोंगराच्या बाजूला जावं. गाडी थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते. गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावावा आणि अर्धा तास वारा लागू द्यावा.

पोलादपूरला चहासाठी थांबलं की चारही रिम्सजवळ तळहात न्यावा, लावू नये. पुढची दोन्ही सारखी कोमट असतील तर घाट गिअरवर उतरला. एकच चाक भाजण्याइतकं गरम लागलं, तर त्या बाजूचं, डिस्कवर पॅड दाबणारं कॅलिपर अडकलेलं असण्याची शक्यता मोठी. मुंबई–गोवा रस्त्याला लागण्याआधी ते उघडून पाहून घ्यावं.