किलोत सांगू नका, कुकर-बादलीत सांगा

"तुम्ही चालता-फिरता तर छान, मग घरच्यांना कसं पटवलंत की तुम्हाला वजन उचलायचं नाहीये? आमच्याकडे कुणी ऐकतच नाही."

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझी कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलीय, एल-फोर एल-फाइव्ह, ऑपरेशन नाही, गोळ्या, फिजिओ आणि रोज चालणं. डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या तपासणीपर्यंत तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, कमरेतून वाकायचं नाही आणि हातात काही असताना वळायचं नाही. (हा माझा आकडा हां, तुमचा तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

पण घरात तीन किलो म्हणजे किती हे कुणालाच कळत नाही, सासूबाई म्हणाल्या अगं कुकर काय जड असतो का. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या वस्तू एकेक करून वजनकाट्यावर ठेवायला लावल्या आणि मग घरच्या ग्रुपवर हे टाकलं:

"आई, भाऊजी, जाऊबाई, मुलांनो, सगळ्यांसाठी. मी उचलू शकते: दुधाच्या दोन पिशव्या, चहाचं पातेलं, पोळ्यांचा डबा. उचलू शकत नाही: डाळ-भात लावलेला पाच लिटरचा कुकर, कणकेचा मोठा डबा, पाण्याची बादली, ओले कपडे, गादी, सिलेंडर आणि आपला छोटू. झाडू-पोछा आणि विळीवर बसणं पूर्ण बंद. कुकर गॅसवरून उतरवायला सकाळी जाऊबाई, संध्याकाळी मोठी. पाणी भाऊजींनी भरायचं. सिलेंडर आला की आणणाऱ्या दादालाच आतपर्यंत ठेवायला सांगा. छोटूला मी बसलेली असताना कुणीतरी मांडीवर आणून द्या, उचलून कडेवर घेणार नाही, रडला तरी."

नावं मुद्दाम घातली. "जमेल तशी मदत करा" असं लिहिलं असतं तर सगळ्यांनी अंगठा दाखवला असता आणि कुकर माझी वाट बघत बसला असता.

भाऊजींनी लगेच विचारलं, वहिनी, अर्धा तास चालता ना, मग एवढंसं वजन का नाही? बरोबर प्रश्न आहे. चालताना पाठ सरळ असते, गादीवर ताण कमी येतो, उलट नुसतं पडून राहिलं तर स्नायू आणखी ढिले पडतात. पण वस्तू हात लांब करून उचलली की ती मणक्याच्या हातभर पुढे असते आणि तिला तोलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या जेमतेम दोन इंच मागे असतात, म्हणजे सी-सॉच्या एकदम जवळच्या टोकावर बसून लांबच्याला उचलायचं. हातात चार किलो असेल तर स्नायूंना साधारण चाळीस किलोचा ओढा द्यावा लागतो आणि तो सगळा दाब शेवटी त्याच सरकलेल्या गादीवर. आणि खाली वाकलं की कमरेच्या वरचं आपलं स्वतःचं अंगच पुढे लोंबतं, म्हणून जमिनीवर पडलेला चमचासुद्धा मी उचलत नाही, चमच्याचं वजन नसतं पण माझं असतं ना. हे सांगितल्यावर ते गप्प झाले आणि पाणी भरायला गेले.

तरी गोंधळ झालाच. जाऊबाईंनी मशीनमधले कपडे काढून बादली गॅलरीत आणून ठेवली, खाली फरशीवर, आणि वाळत तेवढे तुम्ही घाला म्हणाल्या. एक शर्ट एक किलोचाही नसतो, पण प्रत्येक कपड्याला एकदा वाकणं आणि मग वर दोरीकडे वळणं, म्हणजे डॉक्टरांनी नको सांगितलेलं सगळं एकदम. दुपारपर्यंत कळ नितंबातून पोटरीपर्यंत उतरली. नुसती कंबर दुखली तर मी फार घाबरत नाही, पण कळ पायात खाली सरकायला लागली की समजायचं जास्त झालं. आता बादली स्टुलावर ठेवतात, तोंड दोरीकडे, मी उभ्या उभ्या घालते. तसंच कणीक, साखर, रोजची कढई असं सगळं खालच्या कप्प्यातून ओट्यावर आलंय, ओटा गिचमिड दिसतो, दिसू दे.

मेसेजच्या शेवटी एक ओळ होती ती तुम्हीही नक्की टाका: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधला भाग बधीर झाला, किंवा पाऊल उचलताना लोंबायला लागलं, तर शेक-मालिश करत बसायचं नाही, रात्री दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल. तिथल्या नसा जास्त वेळ दाबलेल्या राहिल्या तर नुकसान कायमचं राहू शकतं.

परवाच्या तपासणीत मर्यादा पाच किलो झाली. मी ग्रुपवर नवीन मेसेज टाकला, कुकर आता माझ्याकडे, पण अंगाशी धरून; बादली, सिलेंडर आणि छोटू अजून तुमच्याकडेच.