रुजू होणे वेगळे, बिऱ्हाड हलवणे वेगळे
जानेवारीतच नागपूर सोडून पुण्याला या, असा रिक्रूटर बाईंचा आग्रह होता आणि ‘थोडी मुदत द्या’ ही माझी मोघम विनंती मागच्या आठवड्यात वाया गेली होती. आज मी धाकटीच्या सातवीच्या वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक पाठवले आणि दोन तारखा वेगळ्या मागितल्या: रुजू १५ जानेवारीला, एप्रिलअखेरपर्यंत काम घरून, आणि बिऱ्हाड २ मेला. त्या लगेच तयार झाल्या. पण स्थलांतर भत्त्याची बिले रुजू झाल्यापासून ९० दिवसांत देण्याची अट ऑफर लेटरमध्ये तशीच राहिली होती, म्हणजे एप्रिलच्या मध्यालाच मुदत संपून ट्रकचे भाडे माझ्याच खिशातून गेले असते. ३१ मेपर्यंत मुदत वाढवलेले सुधारित पत्र संध्याकाळी आल्यावरच मी होकार कळवला. धाकटीने कॅलेंडरवर २ मेभोवती लाल गोल काढला आहे, जरा रागानेच.